जॉयस्टिक आणि थ्रॉटलची जुळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील विमान-खेळ खेळणाऱ्या मित्रांकडून गेली काही वर्षे मला जे प्रश्न विचारले जातात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच तक्रारीत असते. विमान आकाशात नीट उडते, पण धावपट्टी जवळ आली की त्याचे नाक वर-खाली होऊ लागते आणि जितके सावरावे तितके ते अधिक डोलते. म्हणून या पानावरील उत्तरे मी एकाच उदाहरणाभोवती ठेवली आहेत. हे उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ विमान सांब्रा विमानतळाच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरवणे. जॉयस्टिक साध्या पोटेन्शिओमीटरची आणि दांडा पिळून रडर देण्याची सोय असलेली आहे, तर थ्रॉटल वेगळा आहे.

प्रश्न : नवी जॉयस्टिक जोडल्यावर सुरुवात कोठून करावी? बहुतेक जण आधी कर्व्ह बदलायला सांगतात.

कर्व्ह, म्हणजे दांड्याच्या हालचालीला विमान किती प्रतिसाद देईल ते ठरवणारी रेषा, सर्वांत शेवटी बदलावा. आधी जॉयस्टिक संगणकाला कोणते आकडे पाठवते ते पाहावे, मग कॅलिब्रेशन करावे, त्यानंतर डेड झोन ठरवावा आणि मगच कर्व्हला हात घालावा. या क्रमाला कारण आहे. कर्व्हचा सौम्य भाग मध्यबिंदूभोवती असतो, त्यामुळे मध्यबिंदूच चुकीचा धरला गेला असेल तर तो सौम्य भाग तुमचा हात जिथे असतो तिथे पडतच नाही.

प्रश्न : जॉयस्टिकचे मूळ आकडे कोठे दिसतात?

विंडोजमध्ये विंडोज कळ आणि R एकत्र दाबून पुढील आज्ञा द्यावी.

```
joy.cpl
```

यादीतून आपले उपकरण निवडून `Properties`, मग `Settings` आणि त्यानंतर `Calibrate` उघडावे. कॅलिब्रेशनच्या खिडकीत `Display raw data` असा चौकोन असतो. त्यावर खूण केली की प्रत्येक अक्षाचा आकडा दिसू लागतो. १० बिटांच्या जॉयस्टिकमध्ये हा आकडा ० ते १०२३ असतो आणि १४ बिटांच्या जॉयस्टिकमध्ये ० ते १६३८३. पुढील सर्व हिशेब मी १० बिटांचा धरला आहे.

आता दांडा पूर्ण डावीकडे नेऊन अलगद सोडावा, आकडा कोठे स्थिरावतो ते कागदावर लिहावे आणि असे दहा वेळा करावे. मग उजवीकडून दहा वेळा करावे. माझ्या जॉयस्टिकवर डावीकडून सोडल्यावर आकडा ४९७ ते ५०३ यांच्या दरम्यान थांबत होता आणि उजवीकडून सोडल्यावर ५१४ ते ५२१ यांच्या दरम्यान. म्हणजे दांडा मध्यावर परत येतो असे डोळ्यांना वाटत असले, तरी तो ज्या बाजूने आला त्या बाजूलाच किंचित अडखळून थांबतो. स्प्रिंग आणि घर्षण यांचा हा परिणाम आहे आणि स्वस्त जॉयस्टिकमध्ये तो थोडाफार असतोच. हीच चाचणी पुढे-मागे हलणाऱ्या अक्षावरही स्वतंत्रपणे करावी, कारण उतरताना नाक डोलते ते त्या अक्षामुळे.

प्रश्न : कॅलिब्रेशन तर केले, तरी विमान एका बाजूला झुकतच राहते. असे का?

कॅलिब्रेशन करताना दांडा मोकळा सोडून `Next` दाबला जातो आणि त्या क्षणी जो आकडा असेल तोच विंडोज मध्यबिंदू म्हणून धरते. वरच्या उदाहरणात दांडा डावीकडून सोडलेला असेल तर मध्य ५०० च्या आसपास नोंदला जाईल, मग उजवीकडून परत आलेला दांडा ५२१ वर थांबला की तो मध्यापासून २१ अंक दूर राहील. अर्धा पल्ला साधारण ५१२ अंकांचा असल्यामुळे ही चूक सुमारे ४ टक्के होते आणि सरळ उड्डाणात तेवढी चूक स्पष्ट जाणवते.

यावर उपाय सोपा आहे. आपल्या नोंदींमधील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घ्यावा, म्हणजे येथे ४९७ आणि ५२१, आणि त्यांचा मध्य काढावा. तो ५०९ येतो. कॅलिब्रेशनच्या वेळी दांडा मोकळा न सोडता दोन बोटांनी अलगद धरून आकडा ५०९ दिसेल असा ठेवावा आणि मग पुढची पायरी घ्यावी. आता कोणत्याही बाजूने परत आलेला दांडा मध्यापासून जास्तीत जास्त १२ अंक दूर असेल, म्हणजे २.३ टक्के. केवळ मध्य नीट धरल्यामुळे चूक जवळजवळ निम्म्यावर येते.

प्रश्न : डेड झोन म्हणजे नेमके काय आणि तो किती ठेवावा?

उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्यांना हे पटकन समजते. लेथचे हँडव्हील उलट दिशेने फिरवले की सुरुवातीला चाक फिरते पण टूल हलत नाही, आणि त्या मोकळ्या फिरण्याला तेथे प्ले म्हणतात. डेड झोन हा मुद्दाम ठेवलेला प्ले आहे. मध्याभोवतीच्या तेवढ्या पट्ट्यात दांडा कितीही थरथरला तरी खेळाला शून्यच कळते.

लेथवर प्ले जास्त असणे जसे वाईट, तसेच येथेही आहे. वरील मोजमापात सर्वाधिक चूक २.३ टक्के होती, म्हणून डेड झोन ३ टक्के पुरेसा आहे. अनेक जण अंदाजाने १० किंवा १५ टक्के ठेवतात आणि नेमके तेथेच नाक डोलण्याला आमंत्रण मिळते. उतरताना नाक किंचित खाली द्यावे लागते, तुम्ही दांडा हलवता, विमान ऐकत नाही, तुम्ही आणखी हलवता आणि डेड झोनची कड ओलांडताच विमान अपेक्षेपेक्षा जास्त ऐकते. मग उलट दिशेला जाताना तो सगळा मोकळा पट्टा पुन्हा पार करावा लागतो. हाताचा दोष नसताना हात दोषी ठरतो.

दांडा पिळून दिल्या जाणाऱ्या रडरच्या अक्षाला मात्र मोठा डेड झोन द्यावा. दांडा मागे ओढताना मनगट नकळत थोडे वळते आणि विमानाची शेपटी सरकते. येथे मी ८ टक्के ठेवतो. आपल्यासाठी आकडा ठरवताना दांडा फक्त पुढे-मागे जोरात हलवावा आणि पिळण्याच्या अक्षाचा आकडा किती भरकटतो ते पाहावे.

प्रश्न : मग कर्व्हची गरज काय?

सेसनाच्या योकचा, म्हणजे वैमानिकापुढच्या नियंत्रण-चाकाचा, प्रवास टेबलावरच्या जॉयस्टिकच्या काही सेंटीमीटर प्रवासापेक्षा बराच लांब असतो. शिवाय खऱ्या विमानात वेग वाढला की योक जड होत जाते, तर आपली स्प्रिंग सर्व वेगांना सारखीच राहते. त्यामुळे हाताची जी हालचाल खऱ्या विमानात क्षुल्लक ठरली असती, ती जॉयस्टिकवर मोठी ठरते. मध्याजवळची हालचाल सौम्य करायची आणि टोकाला पूर्ण ताकद मिळू द्यायची, हे कर्व्हचे काम. त्याचे प्रचलित सूत्र असे आहे.

```
y = (1 - c) * x + c * x^3
```

यात `x` म्हणजे दांड्याची हालचाल, `y` म्हणजे खेळाला मिळणारी हालचाल आणि `c` म्हणजे कर्व्हचे प्रमाण. प्रत्येक खेळ अगदी हेच सूत्र वापरतो असे नाही, पण आकार समजण्यासाठी ते पुरेसे आहे. `c` ०.४ ठेवला, तर दांडा २० टक्के हलवल्यावर विमानाला सुमारे १२ टक्के मिळतात, ५० टक्के हलवल्यावर ३५ टक्के, ८० टक्के हलवल्यावर सुमारे ६८ टक्के आणि पूर्ण हलवल्यावर पूर्ण १००. मध्यावर जे वाचले ते टोकाकडे परत करावे लागते, म्हणून शेवटच्या टप्प्यात विमान सरळ रेषेपेक्षा अधिक चटकन प्रतिसाद देते.

प्रश्न : कर्व्ह लावला, तरीही उतरताना नाक डोलतेच. आता काय चुकले?

माझ्या अनुभवात या प्रश्नाचे उत्तर दहापैकी सात-आठ वेळा ट्रिम, म्हणजे दांडा धरून न ठेवता नाक हव्या जागी टिकवण्याची सोय, हेच असते, म्हणून याला मी सर्वांत जास्त जागा देतो.

वरील सूत्रात दांडा मध्यापासून सुमारे ५८ टक्के दूर गेला की त्या ठिकाणी विमान कर्व्ह नसलेल्या सरळ रेषेपेक्षा अधिक संवेदनशील होते. `c` चे मूल्य कितीही ठेवले तरी हा ५८ टक्क्यांचा टप्पा बदलत नाही, `c` वाढवला तर त्यापलीकडचा चढ फक्त अधिक तीव्र होतो. आता सांब्र्याकडे येणाऱ्या सेसनाचा विचार करावा. वेग कमी केला, फ्लॅप उघडले, पण ट्रिम केले नाही, म्हणून नाक वर ठेवण्यासाठी दांडा ६० टक्के मागे ओढून धरावा लागत आहे. म्हणजे ज्या सौम्य भागासाठी कर्व्ह लावला तो मागे राहिला आणि हात तीव्र भागात काम करत आहे. अशा वेळी बरेच जण कर्व्ह आणखी वाढवतात आणि डोलणेही त्याबरोबर वाढते.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. सांब्र्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे, त्यामुळे आल्टिमीटरवर ३,००० दिसत असताना जमीन केवळ ५०० फुटांवर असते, हे आधीच लक्षात ठेवावे. धावपट्टीपासून पुरेसे दूर, ३,५०० फुटांवर असतानाच वेग कमी करून फ्लॅप टप्प्याटप्प्याने उघडावेत. प्रत्येक टप्प्यानंतर ट्रिमची बटणे दाबत राहावे, जोपर्यंत दांडा सोडला तरी विमान तोच वेग धरून राहत नाही. पूर्ण फ्लॅप आणि ६५ नॉट वेगाला ट्रिम केलेले विमान असेल, तर शेवटच्या मैलात दांडा मध्याच्या १५ ते २० टक्क्यांच्या आतच हलतो. कर्व्हचा खरा उपयोग येथे होतो.

प्रश्न : कर्व्हचे प्रमाण किती ठेवावे आणि ते कसे ठरवावे?

कर्व्ह शून्य ठेवून सुरुवात करावी. विमान ट्रिम करून सपाट उडवावे आणि नाक बरोबर २ अंश वर नेऊन तेथे थांबवून पाहावे. नाक दोन-तीन वेळा पुढे जाऊन परत येत असेल तर कर्व्ह १० टक्क्यांनी वाढवावा आणि पुन्हा हेच करावे. पहिल्याच प्रयत्नात नाक थांबू लागले की तेथेच थांबावे. माझ्या जॉयस्टिकला नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरसाठी ४० आणि विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या एलेरॉनसाठी ३० टक्के लागले. तुमचा दांडा लांब असेल तर याहून कमी लागेल.

खेळानुसार चिन्ह बदलते, याकडे लक्ष द्यावे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मध्यभाग सौम्य करण्यासाठी `Sensitivity -` आणि `Sensitivity +` या दोन्ही पट्ट्या ऋण मूल्याकडे न्याव्या लागतात, तर डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या खेळात `Axis Tune` मधील `Curvature` धन ठेवावे लागते. शंका असल्यास आकड्यापेक्षा आलेखाकडे पाहावे. रेषा मध्याजवळ आडवी होत असेल तर ती सौम्य आहे.

प्रश्न : जॉयस्टिकच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही कर्व्ह आहे. दोन्हीकडे लावला तर अधिक चांगले ना?

नाही, कारण दोन कर्व्ह एकमेकांवर चढतात. दोन्हीकडे ०.४ ठेवले, तर ५० टक्के हालचालीचे आधी ३५ टक्के होतात आणि मग त्या ३५ चे सुमारे २३. मध्यावरचा प्रतिसाद मूळच्या जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो आणि टोक अतिशय तीव्र होते. कर्व्ह आणि डेड झोन एकाच ठिकाणी, शक्यतो खेळातच ठेवावेत, म्हणजे प्रत्येक विमानाला वेगळे मूल्य देता येते.

प्रश्न : हेलिकॉप्टरसाठीही हीच मूल्ये चालतील का?

चालणार नाहीत. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवताना दांडा बहुधा मध्यावर नसतो, त्यामुळे कर्व्ह असेल तर एका बाजूला प्रतिसाद सौम्य आणि दुसऱ्या बाजूला तीव्र मिळतो. तेथे सरळ रेषा आणि शक्य तितका लहान डेड झोन ठेवावा.

प्रश्न : थ्रॉटलला कर्व्ह द्यावा का?

साध्या विमानासाठी देऊ नये. थ्रॉटलला मध्य नसतो, त्याला दोन टोके असतात आणि ती दोन्ही टोके नीट गाठली जात आहेत एवढेच पाहायचे असते. माझ्या थ्रॉटलचा दांडा पूर्ण पुढे ढकलल्यावर आकडा १००९ वर थांबतो, म्हणजे ९८.६ टक्के. सर्वांत मागे तो ० आणि ११ यांच्यामध्ये थरथरतो, म्हणजे सुमारे १ टक्का. या दोन उणिवा वेगवेगळ्या ठिकाणी बाधतात. उड्डाणाच्या वेळी इंजिनाची पूर्ण ताकद मिळत नाही, आणि उतरताना थ्रॉटल बंद केला असे तुम्हाला वाटत असताना इंजिन पूर्ण मंद होत नाही व विमान धावपट्टीवर थोडे अधिक तरंगते.

यासाठी फ्लाइट सिम्युलेटरमधील `Extremity dead zone` २ ते ३ टक्के ठेवावा. वरच्या टोकासाठी डीसीएसमध्ये `Saturation X` ९७ पर्यंत खाली आणले की तोच परिणाम मिळतो. नंतर विमान जमिनीवर उभे असताना थ्रॉटल तीन-चार वेळा बंद करून इंजिनाचे फेरे प्रत्येक वेळी एकाच आकड्यावर येतात का ते तपासावे.

प्रश्न : डीसीएसमध्ये थ्रॉटल हलवला की विमानाचे नाक हलते. उपकरण बिघडले आहे का?

उपकरण ठीक आहे. हा खेळ जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःहून अक्ष नेमून देतो, त्यामुळे थ्रॉटलचा एखादा अक्षही पिचला जोडला जातो. नियंत्रणांच्या पडद्यावर `Axis Commands` हा विभाग निवडावा, थ्रॉटलच्या स्तंभातील पिच, रोल आणि रडर यांच्या नेमणुका पुसाव्यात आणि जॉयस्टिकच्या स्तंभातील थ्रॉटलची नेमणूकही पुसावी. प्रत्येक नव्या विमानासाठी हे एकदा करावे लागते.

प्रश्न : बटणांचे प्रोफाइल कसे आखावे?

विमान बदलले तरी बोटाचे काम बदलू नये, या एका नियमावर मी सर्व प्रोफाइल आखतो. अंगठ्याखालचा चारही बाजूंना दाबता येणारा हॅट आजूबाजूला पाहण्यासाठी, ट्रिगर नागरी विमानात ब्रेकसाठी आणि लढाऊ विमानात तोफेसाठी, आणि ट्रिम नेहमी अशा दोन बटणांवर की जी दाबताना दांड्यावरची पकड सैल होत नाही. आपण वर पाहिले की उतरण्याच्या टप्प्यात ट्रिम सतत लागते, म्हणून सोयीची बटणे आधी ट्रिमला द्यावीत आणि मगच फ्लॅप, चाके वगैरेंचा विचार करावा. फ्लॅप आणि चाके थ्रॉटलवर ठेवली तर उत्तम, कारण त्या वेळी डावा हात मोकळा असतो.

बटणे कमी पडत असतील, तर खेळात सोय असल्यास एक बटण मॉडिफायर म्हणून नेमावे, म्हणजे ते दाबून धरल्यावर इतर बटणांना दुसरे काम मिळते. मात्र ज्या कामाला उशीर चालत नाही ते काम या दुसऱ्या थरात ठेवू नये.

प्रश्न : यूएसबी वायर काढून पुन्हा लावल्यावर सर्व बटणे पुसली गेली. परत कशी मिळतील?

डीसीएस बटणांची माहिती उपकरणाच्या ओळख-क्रमांकासह फाइलच्या नावात साठवते आणि यूएसबीची जागा बदलल्यावर हा क्रमांक काही वेळा बदलतो. जुनी फाइल नाहीशी झालेली नसते, खेळ फक्त नव्या नावाची फाइल शोधत असतो. एफ-१८ विमानासाठी ती पुढील फोल्डरमध्ये असते.

```
Saved Games\DCS\Config\Input\FA-18C_hornet\joystick
```

तेथील `.diff.lua` ने संपणाऱ्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवावी. बटणे गेल्यास नियंत्रणांच्या पडद्यावर उपकरणाचा स्तंभ निवडून `Load profile` द्वारे तीच फाइल उघडावी. यापुढे प्रत्येक उपकरणाचे यूएसबी छिद्र ठरवून त्यावर छोटी चिठ्ठी लावावी, हे मी स्वतः करतो. जॉयस्टिक आणि थ्रॉटल एकाच स्वस्त हबवर न जोडता थेट संगणकाला जोडणेही बरे.

प्रश्न : पावसाळ्यात माझी जॉयस्टिक अचानक झटके देऊ लागते. डेड झोन वाढवला तरी फरक पडत नाही.

पडणार नाही, कारण हा मध्याचा दोष नाही. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक पाते घासत जाते आणि त्यावर धूळ व दमट हवेचा थर बसला की पाते काही ठिकाणी संपर्क सोडते. खानापूर आणि जांबोटीकडच्या संततधार पावसात हे अधिक दिसते. ओळखण्यासाठी `Display raw data` उघडून दांडा अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा. आकडा ३००, ३०५, ३१० असा चढत असताना मध्येच ७०० दाखवून परत ३१५ वर आला, तर दोष पोटेन्शिओमीटरचा आहे. पण आकडा सलग चढत असेल आणि खेळातच झटका दिसत असेल, तर दोन उपकरणांना एकच अक्ष नेमलेला असण्याची शक्यता अधिक.

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा मिळतो. वायर काढून, जॉयस्टिक उघडून, पोटेन्शिओमीटरच्या फटीत त्याचा थोडा फवारा मारावा, दांडा वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावरच वायर जोडावी. तेल किंवा केरोसीन वापरू नये, त्यांच्या थरावर धूळ आणखी चिकटते. साफ केल्यावर मध्याचे आकडे बदललेले असतात, त्यामुळे दहा-दहा वेळा दांडा सोडण्याची चाचणी पुन्हा करून कॅलिब्रेशन नव्याने करावे. पट्टी झिजलेली असेल तर झटके काही दिवसांत परत येतात आणि मग भाग बदलावा लागतो. हॉल सेन्सरच्या जॉयस्टिकमध्ये चुंबकाच्या साहाय्याने स्थिती मोजली जाते, तेथे काहीही घासत नसल्यामुळे हा दोष उद्भवत नाही. मात्र अशा काही जॉयस्टिकमध्येही पिळण्याच्या अक्षाला साधा पोटेन्शिओमीटरच असतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी प्रत्येक अक्षाविषयी वेगळे विचारावे.